वीस टक्के वर, वीस टक्के खाली म्हणजे अंदाज नव्हे

प्रश्न: बडोद्याला नवा बाजारात आमचं चणियाचोळीचं लहान दुकान आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायची तर बेस्ट, एक्स्पेक्टेड आणि वर्स्ट असे विक्रीचे तीन अंदाज द्या, असं सीए म्हणतात. मी मागच्या वर्षीच्या विक्रीत वीस टक्के वर-खाली करून दिले. ते म्हणाले, "हे चालायचं नाही." मग करायचं तरी कसं?

उत्तर:

सीए बरोबर बोलले. आमचं दुकान मंगळबाजारात आहे, माल तोच आणि हंगामही तोच. मीही अशी वीस टक्क्यांची वही दोन वर्षं लिहिली आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीला माळ्यावर दीडशे चणियाचोळ्या मोजत बसलो. तेव्हा लक्षात आलं की एकूण विक्रीला टक्के लावले, तर विक्री का कमी होईल हे त्यात कुठेच येत नाही. आणि ते कळलं नाही तर काय करायचं, कोणत्या दिवशी करायचं, हेही कळत नाही.

पहिली दुरुस्ती तारखांची. मागच्या वर्षी, म्हणजे 2025 ला, नवरात्र 22 सप्टेंबरला, सोमवारी बसलं. यंदा अधिक ज्येष्ठामुळे घटस्थापना 11 ऑक्टोबरला आहे, रविवारी. एकोणीस दिवसांचा फरक आहे. मागच्या 20 सप्टेंबरची विक्री यंदाच्या 20 सप्टेंबरशेजारी मांडलीत, तर गर्दीचा दिवस आणि गणपतीतला रिकामा दिवस एका ओळीत येतील. म्हणून बिलबुकातल्या तारखा खोडा आणि "घटाआधी किती दिवस" हा आकडा लिहा. निदान तीन वर्षांची बिलं अशी लावून घ्या. एक संध्याकाळ जाईल, पण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

तारीख हलली की आणखी दोन गोष्टी हलतात. एक पगार. मागच्या वर्षी ऐन खरेदी महिनाअखेरीला आली. यंदा 1 तारखेचा पगार हातात पडल्यावर दहा दिवस मिळतात. दुसरा पाऊस. आपल्याकडून तो साधारण सप्टेंबरअखेरीपासून परतायला लागतो, त्यामुळे उशिराचं नवरात्र कोरडं जायची शक्यता जास्त. जास्त म्हणतोय, खात्री नव्हे.

मागच्या वर्षाच्या आकड्यांत एक गाठही आहे, ती आधी सोडवा. 22 सप्टेंबर 2025 पासूनच कपड्यांचा जीएसटी बदलला. 2,500 रुपयांपर्यंतच्या नगावर 5 टक्के, त्यावर 18. त्याआधी 1,000 पर्यंत 5 आणि वर 12 होता. घोषणा 3 सप्टेंबरला झाली होती. आमची काही गिऱ्हाइकं "बावीसनंतर येतो" म्हणून गेली आणि त्यातली सगळी परत आली नाहीत. म्हणजे 2025 च्या घटाआधीच्या दिवसांतली मंदी काही अंशी कराची होती, मागणीची नव्हती. सगळे आकडे कर वगळून मांडा, नाहीतर सरासरी बिल वर्षावर्षाला उगाच फुगलेलं किंवा आटलेलं दिसेल.

आता अंदाज. हंगामाचे चार तुकडे करा: घटाआधीचे 30 ते 11 दिवस, शेवटचे दहा दिवस, नवरात्रीचे पहिले पाच दिवस आणि उरलेले चार. प्रत्येक तुकड्यात रोज किती बिलं होतात, एवढंच बघा. माझ्यासारख्या दुकानाचं गोल आकड्यांतलं उदाहरण घेतो, तुमचे आकडे तुम्ही घाला. पहिले वीस दिवस रोज 12, पुढचे दहा दिवस रोज 45, नवरात्रीचे पहिले पाच दिवस रोज 50 आणि शेवटचे चार दिवस रोज 15. बिलं झाली 1,000. एका बिलात एक जोड आणि सरासरी बिल 1,800 धरलं तर 18 लाख. हा अपेक्षित अंदाज.

वाईट अंदाजासाठी सगळ्या तुकड्यांतून सरसकट कापू नका. वाईट म्हणजे नेमकं काय, ते आधी एका वाक्यात लिहा. माझं वाक्य असं आहे: "शेवटच्या दहा दिवसांत चार दिवस पाऊस, पहिल्या पाच रात्रींत दोन वाया, आणि घाबरून सूट द्यावी लागली." पावसाच्या दिवशी 45 ऐवजी 15 बिलं, म्हणजे 120 गेली. वाया गेलेल्या रात्री 50 ऐवजी 20, म्हणजे आणखी 60. राहिली 820. सूट दिल्यामुळे सरासरी बिल 1,600 वर आलं. विक्री 13,12,000. अपेक्षितपेक्षा 27 टक्के कमी, पण हे 27 मी ठरवलेले नाहीत, त्या वाक्यातून निघाले आहेत. सीए किंवा बँकेचा साहेब "का?" विचारील, तेव्हा हेच वाक्य दाखवायचं.

वाईट वर्ष तुम्ही किंवा वडिलांनी खरोखर पाहिलेलं असावं. 2020 ला सार्वजनिक गरबाच झाला नाही आणि 2021 ला तो शेऱ्या-सोसायट्यांपुरता राहिला. ती वर्षं यात घालू नका. ते वाईट वर्ष नाही, ते संकट. त्याचा विचार वेगळ्या कागदावर करा, नाहीतर वाईट अंदाज इतका खाली जाईल की माल घ्यायचं धैर्यच होणार नाही.

चांगल्या अंदाजात बहुतेक जण फसतात. कोरडी हवा आणि हातात पगार असताना शेवटच्या दहा दिवसांत रोज 55 आणि पहिल्या पाचांत रोज 60 गिऱ्हाइकं आली तर मागणी 1,150 ची होते. पण दुकानात तेवढे जोड आहेत का? समजा, सुरुवातीला 900 घेतले आणि हंगामात 100 परत मागवले, तर विक्री 1,000 वरच थांबणार. सूट द्यावी लागली नाही म्हणून सरासरी बिल 1,850 आलं, तरी 18.5 लाखच होतात. म्हणजे वरच्या बाजूला पन्नास हजार आणि खालच्या बाजूला जवळजवळ पाच लाख. वीस वर, वीस खाली असं चित्र आपल्या धंद्यात मुळात नसतंच, कारण वरचं छप्पर आपण आधीच माल घेऊन ठरवलेलं असतं.

कोष्टक साधं ठेवा. `B` मध्ये दिवस, `C`, `D`, `E` मध्ये तीन अंदाजांची रोजची बिलं, सहाव्या ओळीत सरासरी बिल, सातवीत एकूण जोड:

```
=MIN(SUMPRODUCT($B2:$B5,C2:C5),C7)*C6
```

हे सूत्र शेजारच्या दोन रकान्यांत ओढा. वाईटच्या रकान्यात रोजची बिलं 12, 33, 38, 15 अशी येतील, कारण पावसाचे दिवस सरासरीत मिसळतात. `MIN` विसरू नका. ते नसेल तर चांगला अंदाज नसलेला माल विकून दाखवतो.

आता पैसा. जोड सरासरी 1,150 ला पडतो आणि हंगामाचा वरखर्च, भाडं-मदतनीस धरून, दोन लाख आहे असं समजा. 1,000 जोड घेतले तर खर्च 13.5 लाख. अपेक्षित वर्षी साडेचार लाख उरतात. वाईट वर्षी 38,000 कमी पडतात, वर 180 जोड माळ्यावर. तेच 900 वर थांबला असतात तर वाईट वर्षीही 77,000 हातात राहिले असते आणि माळ्यावर 80 च. बँकेला हे दाखवा. हंगामाच्या एकूण रकमेपेक्षा गल्ला सर्वांत रिकामा असतो तो दिवस तारखेवार मांडा, मर्यादा त्या दिवसासाठी लागते.

मग ते शंभर जोड मागवायचे की नाही? एक जोड विकला तर 650 सुटतात. उरला तर पुढच्या वर्षी आरसे काळवंडलेले आणि फॅशन जुनी, म्हणून अर्ध्या खरेदीला जातो, म्हणजे 575 बुडतात. तेव्हा एखादा जोड विकला जायची शक्यता साधारण 47 टक्क्यांच्या वर वाटली तरच तो मागवायचा. माझ्या हिशेबात वाईट वर्ष पाचात एकदा येतं आणि चांगलंही पाचात एकदा. नऊशेच्या पुढचे शंभर जोड पाचातल्या चार वर्षी विकले जातात, म्हणून घ्यायचे. हजाराच्या पुढचे फक्त चांगल्या वर्षी, म्हणून नाही घ्यायचे, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तरी. हे मन मानत नाही, ठाऊक आहे मला.

हा निर्णय आज घ्यायची गरज नाही. आमच्या अहमदाबादच्या व्यापाऱ्याकडून माल यायला आठ दिवस लागतात, आणि उशीर केला की फोनवर "भाई, माल नथी" ऐकायचं. म्हणून माझी तारीख 29 सप्टेंबर. घटाला बारा दिवस राहिलेले असतात, माल 7 ऑक्टोबरपर्यंत पोहोचतो. आदल्या रात्रीपर्यंत अठरा दिवस झालेले असतात आणि अपेक्षेप्रमाणे 216 बिलं व्हायला हवीत. 215 किंवा जास्त असली तर शंभर मागवतो, 180 च्या खाली असली तर एकही नाही, मधे असली तर पन्नास. तेव्हा पितृपक्ष चालू असतो, तो दोन-तीन दिवसांवरून घाबरवतो. आमच्याकडची मराठी गिऱ्हाइकं तेव्हा नवं कापड घेत नाहीत, गरब्याची पोरं मात्र थांबत नाहीत. म्हणून अठराही दिवसांची बेरीज घ्यायची आणि मागच्या वर्षांच्या त्याच अठरा दिवसांशी ताडायची.

मात्र या 216 वरून मागणी कळते, पाऊस कळत नाही. तो नंतर येतो. त्यासाठी त्याच दिवशी हवामान खात्याचा पुढच्या आठवड्याचा अंदाज बघतो, आणि शेवटच्या दहा दिवसांत पावसाची चिन्हं असतील तर शंभराचे पन्नास करतो.

आणखी एक वही आजपासून घाला. गिऱ्हाईक आलं, माप किंवा रंग नाही म्हणून परत गेलं, की एक रेघ. मागच्या वर्षी माझे एल मापाचे जोड घटाआधी तीन दिवस संपले होते. बिलबुकात त्यापुढे विक्री पडलेली दिसते आणि मी ती मंदी समजलो होतो. मालच नव्हता. तुमच्या तीन वर्षांत असे दिवस असतील तर त्या दिवसांची बिलं अंदाजात तशीच घेऊ नका. आधीच्या दोन-तीन दिवसांची सरासरी घाला आणि शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा, की हे आकडे भरलेले आहेत.