'सुधारित' नको, 'ऐवजी' जपून

प्रश्न: "कार्यशाळेची तारीख आधीच्या मेलमध्ये चुकीची गेली. दुसऱ्या मेलच्या विषयात 'सुधारित तारीख' लिहू, 'शुद्धिपत्रक' लिहू की 'दुरुस्ती'? आणि आत 'ऐवजी' वापरलं तर चालेल का? एक सहकारी म्हणतात, तो मराठी शब्दच नाही."

'दुरुस्ती' लिहा. 'शुद्धिपत्रक' चूक नाही, पण तो शासन निर्णयाला किंवा पुस्तकाला जोडायच्या कागदाचा शब्द आहे. एका तारखेच्या मेलसाठी तो जड होतो. 'सुधारित' मात्र अजिबात लिहू नका. हा शब्द चुकीच्या जागी वाचून वाचून मी वैतागलो आहे.

सुधारित वेतनश्रेणी, सुधारित वेळापत्रक, अर्थसंकल्पातले सुधारित अंदाज, या सगळ्यांत जुनी गोष्टही तिच्या वेळी खरी होती. पुढे निर्णय बदलला आणि नवी आली. तुमच्या कार्यशाळेचा निर्णय कुठे बदलला आहे? ती आधीपासून त्याच दिवशी होती, फक्त लिहिताना आकडा चुकला. 'सुधारित' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, कार्यक्रम हलवला.

आमच्या सोसायटीत हे घडलेलं मी पाहिलं आहे. पाण्याच्या टाकीची सफाई १३ जुलैला ठरली होती, पण मेलमध्ये २० जुलै गेलं. दोन्ही दिवस रविवार, त्यामुळे वार पाहूनही कुणाला शंका आली नाही. (बरोबर आठवड्याची चूक म्हणूनच सगळ्यांत धोक्याची, एका दिवसाची असती तर वार जुळला नसता.) चूक लक्षात आल्यावर दुसरा मेल आला. विषय 'सुधारित तारीख' आणि पहिलं वाक्य 'टाकी सफाईची तारीख बदलण्यात आली आहे'. ज्यांनी बैठकीत १३ ऐकलं होतं त्यांना वाटलं, १३ रद्द झाली. ज्यांनी मेलमध्ये २० वाचलं होतं ते विचारू लागले, आठवडाभर अलीकडे का आणली? खरी तारीख खाली, दिलगिरीच्या तीन ओळींनंतर होती. तिथपर्यंत फार थोडे पोचले आणि १३ तारखेला निम्म्या घरांत पाणी भरून ठेवलेलं नव्हतं.

आता 'ऐवजी'. तुमच्या सहकाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. मूळ शब्द अरबी, 'इवद', अर्थ मोबदला, एकाच्या जागी दिलेलं दुसरं. त्यातला शेवटचा वर्ण अरबीत जड 'द'सारखा उच्चारतात आणि इराणी जिभेवर त्याचा 'झ' होतो. 'रमदान' आणि 'रमजान' यांत हाच फरक ऐकू येतो. आपले काझी, हजर, अर्ज, मर्जी हे शब्दही त्याच वर्णाचे, आणि सगळ्यांत 'ज' किंवा 'झ' आहे. म्हणजे 'ऐवज' आपल्याकडे थेट अरबस्तानातून आला नाही, फारसीच्या दारातून आला, हे त्याच्या एका अक्षरावरून कळतं.

आणि मराठीने त्याचं काय केलं पाहा. बातमीत 'चोरट्यांनी पाच लाखांचा ऐवज लंपास केला' असं वाचतो तो ऐवज हाच. 'बदल्यात मिळालेली वस्तू' या अर्थावरून तो 'किमतीची वस्तू' आणि मग थेट 'दागदागिने' इथवर गेला. माझा तर्क असा की हे वळण देण्याघेण्याच्या व्यवहारात मिळालं असावं: रोख नसली की रकमेच्या जागी भांडं किंवा दागिना ठेवायचा, तो रकमेचा ऐवज. पुढे रक्कम विसरली गेली आणि दागिन्याला नाव चिकटलं. दुसऱ्या फांदीवर 'ऐवजी' हे शब्दयोगी अव्यय झालं: साखरेऐवजी गूळ. मला सर्वांत आवडतं ते आणखी पुढचं. आजच्या फारसीत 'अवझी' म्हणजे अदलाबदलीने चुकलेलं, भलतंच. एकाला दुसराच समजणं यालाही तिथे याच शब्दापासून क्रियापद आहे. तेहरानमध्ये जो शब्द घोटाळ्याला आहे, तोच पुण्यात घोटाळा निस्तरायला वापरतात!

हा शब्द परका म्हणून टाका असं सांगणारे त्याच्या जागी 'बदली' किंवा 'बदल्यात' सुचवतात. 'बदल' हाही अरबीच आहे, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. माधव जूलियन यांच्याइतकी फारसी फार थोड्या मराठी लेखकांना येत होती. १९२५ साली त्यांनी 'फार्शी-मराठी कोश' दिला आणि पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीची बाजू घेतली. त्यांच्या कोशाचा मी ऋणी आहे, पण त्या दुसऱ्या भूमिकेशी माझं भांडण आहे. 'ऐवजी' काढून 'स्थानी' घाला, मराठी वाक्य लगेच ताठरतं.

तरीही दुरुस्तीच्या मेलमध्ये 'ऐवजी' जपून वापरा, आणि याचं कारण व्युत्पत्ती नाही, शब्दक्रम आहे. मराठीत 'ऐवजी' टाकून द्यायच्या गोष्टीला चिकटतं आणि ती गोष्ट आधी येते: '२० जुलैऐवजी १३ जुलै'. म्हणजे चुकीची तारीख डोळ्यांत पहिल्यांदा भरते. मोबाइलवर विषयाची ओळ अर्धी कापली गेली तर तेवढीच उरते. शासनाच्या शुद्धिपत्रकात 'अमुक ऐवजी तमुक असे वाचावे' हे चालतं, कारण वाचणारा जुना कागद शेजारी ठेवून वाचतो. मेल वाचणारा तसं करत नाही. शिवाय काही जण इंग्रजीच्या वळणावर 'तारीख १३ जुलै, २० च्या ऐवजी' असं लिहितात. घाईत वाचणाऱ्याला खरी कोणती हे मग दोनदा वाचून ठरवावं लागतं.

त्या सोसायटीच्या मेलमध्ये मी हे लिहिलं असतं:

विषय: दुरुस्ती: टाकी सफाई रविवार, १३ जुलैलाच

टाकी सफाई रविवार, १३ जुलै रोजी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत होईल. २ जुलैच्या मेलमध्ये चुकून २० जुलै असे लिहिले गेले. ठरलेला दिवस बदललेला नाही. २० जुलैला पाणी बंद राहणार नाही. वेळ व इतर सूचना आधीच्या मेलप्रमाणेच. चुकीबद्दल क्षमस्व.

'१३ जुलैलाच' मधला 'च' पाहा. 'आधीपासून हाच दिवस होता' हे एका अक्षरात सांगता येतं, आणि ते 'सुधारित'ला कधीच जमणार नाही. 'लिहिले गेले' हे वाक्य जुना मेल नेमका कोणता हे दाखवतं, म्हणून त्याची तारीख हवीच. विषय बदलला की जीमेल उत्तरालाही नव्या संभाषणात टाकतं आणि जुना मेल नजरेआड होतो. २० जुलैचं वेगळं वाक्य गाळू नका. ते नसेल तर दोनदा सफाई आहे असं समजणारे निघतात.

रक्कम चुकली असेल तर आकड्याशेजारी अक्षरी लिहा. १,०५० आणि १,५०० डोळ्यांना सारखे दिसतात. 'एक हजार पन्नास' आणि 'दीड हजार' यांत गोंधळ होत नाही.

आणि 'शुद्धिपत्रक' लिहिण्याची वेळ आलीच तर 'द्धि' ऱ्हस्व. एकट्या 'शुद्धी'चा दीर्घ ईकार सामासिक शब्दात आत आला की ऱ्हस्व होतो.