सहा स्विचमधून साइन वेव्ह येते कुठून?

प्रश्न: ईव्हीतला इन्व्हर्टर म्हणजे घरच्या इन्व्हर्टरचाच मोठा भाऊ का? बॅटरी डीसी, मोटर थ्री फेज एसी, आणि आत म्हणे फक्त सहा स्विच. चालू-बंद करून चौकोनी लहर येईल हे समजतं, पण साइन वेव्ह कशी येते ते काही डोक्यात शिरत नाही.

उत्तर:

तुमची शंका रास्त आहे, कारण त्या सहा स्विचमधून साइन वेव्हचा व्होल्टेज कधीच बाहेर येत नाही. मोटरच्या तारेवर ऑसिलोस्कोप लावलात तर बॅटरीच्या उंचीचे कमी-जास्त रुंद चौकोनी ठोकळे दिसतील, एवढंच. साइनसारखा असतो तो मोटरमधला करंट, आणि त्याला तो आकार मोटर स्वतःच देते. इन्व्हर्टर फक्त ठोकळ्यांची रुंदी ठरवतो.

घरचा इन्व्हर्टर आणि हा यांचं तत्त्व एकच, पण काम वेगळं. घरच्याला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एवढं धरून बसायचं असतं. गाडीतल्याला शून्यापासून कित्येकशे हर्ट्झपर्यंत फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही क्षणाक्षणाला बदलावे लागतात. शिवाय ब्रेक मारताना तोच वीज उलटी बॅटरीत भरतो.

आता रचना. बॅटरीच्या प्लस आणि मायनसच्या मध्ये तीन उभ्या जोड्या असतात, त्यांना लेग म्हणतात. प्रत्येक लेगमध्ये वर एक स्विच, खाली एक, आणि दोघांच्या मधून मोटरच्या एका फेजची तार निघते. स्विच म्हणजे आयजीबीटी किंवा सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट या जातीचे ट्रान्झिस्टर. वरचा चालू असेल तर तार प्लसला, खालचा चालू असेल तर मायनसला. दोन्ही बंद ही तिसरी अवस्था गाडी चालताना जवळजवळ नसतेच.

एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. बॅटरी ३२० व्होल्टची, स्विचिंग १० किलोहर्ट्झ, म्हणजे प्रत्येक लेगला एका फेरीसाठी १०० मायक्रोसेकंद मिळतात. समजा या क्षणी मोटरला यू फेजवर +१२० व्होल्ट आणि व्ही, डब्ल्यू या दोघांवर –६० व्होल्ट हवेत. बॅटरीचा मध्यबिंदू शून्य धरला तर तार एक तर +१६० वर असते, नाही तर –१६० वर. यूची सरासरी +१२० यायला हवी असेल तर त्या १०० पैकी ८७.५ मायक्रोसेकंद वरचा स्विच चालू ठेवायचा आणि उरलेले १२.५ खालचा. बाकी दोघांचा वरचा स्विच ३१.२५ मायक्रोसेकंदच चालू. तिन्ही ठोकळे मध्याला जुळवून ठेवले की जेव्हा तिन्ही तारा वर असतात किंवा तिन्ही खाली असतात, तेव्हा त्यांच्यात फरक शून्य. फक्त ५६.२५ मायक्रोसेकंद यू वर आणि इतर दोघं खाली असतात, आणि तेवढाच वेळ यू आणि व्हीमध्ये पूर्ण ३२० व्होल्ट पडतात. सरासरी १८० व्होल्ट. आपल्याला हवे होते १२० वजा –६०, म्हणजे १८०च. हिशेब जुळला.

पुढच्या १०० मायक्रोसेकंदांत हेच आकडे किंचित सरकतात, त्याच्या पुढच्यात आणखी किंचित. यूची रुंदी साइनच्या चालीने कमी-जास्त होते, व्ही आणि डब्ल्यूचीही तशीच, पण १२०-१२० अंशांनी मागे.

मग ते ३२० व्होल्टचे झटके मोटरला जाणवत का नाहीत? कारण तिचं वाइंडिंग म्हणजे मोठा इंडक्टर, आणि इंडक्टरमधला करंट एकदम बदलत नाही. पंख्याचं बटण भराभर चालू-बंद केलं म्हणून पाती काही झटके देत फिरत नाहीत, तसंच. करंटच्या लहरीवर बारीक दात राहतात. हळू चालताना काही गाड्यांतून येणारी बारीक शिट्टी त्या दातांचीच असते.

फ्रिक्वेन्सी कोण ठरवतं, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पर्मनंट मॅग्नेट मोटरमध्ये ती रोटर, म्हणजे मोटरचा चुंबक बसवलेला फिरता भाग ठरवतो. टायरचा परीघ साधारण २ मीटर, गिअरचं प्रमाण ९ आणि मोटरमध्ये चुंबकाच्या ध्रुवांच्या ४ जोड्या धरा. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला ८.३ वेळा फिरतं, मोटर ७५ वेळा, आणि त्याच्या चौपट म्हणजे ३०० हर्ट्झ. एका लहरीत आपल्या १०० मायक्रोसेकंदांच्या साधारण ३३ फेऱ्या बसतात. रोटर नेमका कुठल्या कोनात आहे हे रिझॉल्व्हर नावाचा सेन्सर सतत सांगत असतो. ॲक्सिलरेटर दाबून तुम्ही फक्त टॉर्क मागता. कंट्रोलर त्यावरून करंट ठरवतो, तारांतला खरा करंट मोजतो, आणि फरक भरून निघेल अशी पुढच्या फेरीची रुंदी काढतो. करंट रोटरच्या चुंबकाला पुढे ओढेल असा ठेवायचा की मागे, एवढ्या फरकावर तीच मोटर जनरेटर होते. रिजनसाठी, म्हणजे ब्रेक मारताना वीज परत भरायला, वेगळं सर्किट लागत नाही.

खरी नाजूक जागा डेड टाइमची. एकाच लेगचे दोन्ही स्विच एकदम चालू झाले तर बॅटरी सरळ शॉर्ट. स्विचला चालू-बंद करणाऱ्या गेट ड्रायव्हरने काही मायक्रोसेकंदांत बंद केलं नाही तर स्विचचं मॉड्यूल संपलं. म्हणून एक बंद केल्यावर दुसरा चालू करण्याआधी क्षणभर दोन्ही बंद ठेवतात, आयजीबीटीत साधारण २-३ मायक्रोसेकंद. १०० मधले २ म्हणजे ३२० व्होल्टच्या हिशेबात ६ व्होल्टांची चूक. ताशी ६० ला ती कुणाच्या खिजगणतीत नसते. पण पार्किंगमध्ये गाडी सरपटत असते तेव्हा मोटरला मुळात तेवढेच थोडे व्होल्ट लागतात, आणि करंटची दिशा बदलली की चुकीचीही दिशा बदलते. सॉफ्टवेअरने भरपाई नीट केली नसेल तर अगदी कमी वेगात बारीक थरथर येते. टेस्ट ड्राइव्हला गर्दीत सरपटत चालवून बघा. मला विचाराल तर ०-१०० च्या आकड्यापेक्षा इन्व्हर्टरची जात तिथे जास्त कळते.

शेवटचं, घाटात राहणाऱ्यांसाठी. चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी जागच्या जागी तोलून धरू नका. रोटर थांबलेला म्हणजे फ्रिक्वेन्सी शून्य, म्हणजे इन्व्हर्टर मोटरला चक्क डीसी देतोय. एरवी करंटचा कळस तिन्ही लेगमध्ये फिरत राहतो आणि प्रत्येकाला थंड व्हायला सवड मिळते. इथे तो एकाच लेगवर ठाण मांडून बसतो, आणि त्या एका स्विचवरची उष्णता त्याच करंटला एरवीच्या दुपटीहून जास्त होते. तापमान वाढलं की कंट्रोलर टॉर्क कापतो आणि गाडी मागे घसरायला लागते. ते संरक्षण आहे, बिघाड नाही. सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी ब्रेक किंवा ऑटो होल्ड वापरून तोच चढ पुन्हा चढून बघा.