लग्नाला येता येणार नाही, हे मराठीत कसं कळवावं?

प्रश्न : रत्नागिरीच्या आमच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं मे महिन्यात कुडाळला लग्न आहे. त्याच दिवशी चिपळूणला माझ्या मावसबहिणीचंही लग्न आहे, म्हणून जाता येणार नाही. इंग्रजीत लिहिलेला मेसेज मराठीत केला तो असा : ‘आपल्या विवाहाच्या आमंत्रणाबद्दल खूप धन्यवाद. दुर्दैवाने, पूर्वनियोजित कार्यक्रमामुळे मी उपस्थित राहू शकणार नाही, हे कळवताना दुःख होत आहे. आपणा दोघांना आयुष्यभराच्या आनंदासाठी शुभेच्छा देते.’ एरवी आम्ही अरे-तुरेतच बोलतो. हे वाचून तो दुखावणार नाही ना?

उत्तर : व्याकरणात चूक काढता येणार नाही, पण लग्नघरात हा मेसेज पाठवू नका. त्यातली दोन ठिकाणं खरोखरच खटकणारी आहेत, बाकीची नुसती परकी वाटतात. खटकणाऱ्यांपासून सुरुवात करू.

‘कळवताना दुःख होत आहे’ ही शब्दांची जोडी मराठी माणसाने कुठे वाचलेली असते? वर्तमानपत्रातल्या निधनाच्या निवेदनात. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ याच्यापुढे काय येतं हे वाचणाऱ्याला पाठ असतं. इंग्रजीतला ‘रिग्रेट’ हा शब्द नोकरीच्या नकारापासून रद्द झालेल्या गाडीपर्यंत कुठेही चालतो, त्याला तिथे वजन उरलेलं नाही. मराठीत मात्र दुःख, खेद, शोक हे शब्द लिहिताना अजून जड आहेत. ‘दुर्दैवाने’चंही तेच. इंग्रजीत तो वाक्याच्या तोंडी सहज बसणारा शब्द आहे. मराठीत अपघाताच्या बातमीत शोभतो. दारात मांडव पडणार आहे त्या घरी ‘दुर्दैव’ आणि ‘दुःख’ एकाच वाक्यात गेले, तर मुलगा काही म्हणणार नाही कदाचित, पण त्याच्या आईने वाचलं तर तिच्या कपाळाला आठी पडेल.

ही नुसती हळवेपणाची गोष्ट नाही, भाषेचीच सवय आहे. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ती वाढवते; नारळ वाढवतात, दिवा मालवतात, आणि निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतात. मंगल कार्याच्या आसपास अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून क्रियापदंसुद्धा बदलून घेणारी ही भाषा आहे. तिच्यात ‘दुर्दैवाने’ला साधा पर्याय म्हणजे तो गाळणं. खंत दाखवायचीच असेल तर ‘चुटपुट लागून राहील’ म्हणा. त्यात न येण्याचं वाईट वाटणं पुरेपूर आहे आणि अशुभ काहीच नाही.

आता नकाराचं क्रियापद. ‘मी उपस्थित राहू शकणार नाही’ हे सभेच्या नोटिशीला दिलेलं उत्तर आहे. शिवाय त्यात ‘मी’ कर्ता आहे, म्हणजे न येणं ही तुमची कृती झाली. मराठीत नकार मऊ करण्याची सोय वाक्यरचनेतच आहे : ‘मला यायला जमणार नाही’ किंवा ‘माझं येणं होणार नाही’. इथे तुम्ही काही नाकारत नाही, योग जुळत नाही इतकंच. ‘मी येणार नाही’ हा तर सरळ रुसवाच झाला. मऊपणाच्या नादात दुसऱ्या टोकाला मात्र जाऊ नका. ‘येणं होईलसं वाटत नाही’, ‘बघते, कसं जमतंय’ ही बोलायला गोड वाक्यं आहेत, पण ऐकणारा त्यातून ‘येईल बहुतेक’ असाच अर्थ घेतो. पानांचा आकडा आचाऱ्याला आधी द्यावा लागतो, त्यामुळे गोड पण गुळमुळीत उत्तराचा त्रास स्पष्ट उत्तरापेक्षा जास्त होतो.

‘मला’ की ‘आम्हाला’ हेही ठरवून लिहा. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ असेल, तर कोकणात घरातल्या एका तरी माणसाने तोंड दाखवावं अशी अपेक्षा असते. ‘आम्हाला जमणार नाही’ याचा अर्थ घरातून कुणीच नाही. तुमचे वडील किंवा भाऊ जाणार असतील तर ‘मला’ लिहा आणि ‘बाबा येतील’ हे पुढच्याच वाक्यात जोडा. निम्मा नकार तिथेच विरघळतो.

कारणाबद्दल इंग्रजी आणि मराठी शिष्टाचार उलट दिशेला जातात. ‘प्रायर कमिटमेंट’ म्हणजे विचारू नका, सांगणार नाही. इंग्रजीत ती सभ्यता मानतात. ‘पूर्वनियोजित कार्यक्रम’ वाचून मराठी माणूस विचार करतो, असा कुठला कार्यक्रम जो माझ्या लग्नापेक्षा मोठा? तुमच्याकडे तर मे महिन्यातलं सगळ्यात बिनतोड कारण आहे : त्याच दिवशी सख्ख्या नात्यातलं लग्न. सरळ नाव-गाव घेऊन सांगा. ‘मावसबहिणीचं लग्न, चिपळूणला’ एवढं म्हटलं की पुढे प्रश्न येत नाही, कारण एका दिवशी दोन मुहूर्त हे प्रत्येक घराने भोगलेलं असतं. कारण एकच द्या. दोन दिलीत की दोन्ही खोटी वाटतात. आणि समोरच्याला सोडवता येईल असं कारण तर देऊच नका. ‘रेल्वेचं तिकीट मिळालं नाही’ म्हटलंत की उत्तर येतं, ‘एसटीने ये, न्यायला स्टँडवर माणूस पाठवतो.’ मग काय करणार?

हाच मजकूर आणखी कुणी वापरणार असेल तर दोन शब्दांपासून सावध राहायला हवं. ‘घरात अडचण आहे’ हे मोघम आणि सुरक्षित वाटतं, पण बाईने लिहिलेली ‘अडचण’ बऱ्याच घरांत पाळीच्या अर्थाने वाचली जाते. त्यापेक्षा ‘घरी काम निघालंय’ बरं. आणि खरोखरच सुतक असेल तर तो शब्द शुभेच्छांच्या मजकुरात घालू नये. ‘सध्या आमच्याकडून कुठल्या कार्याला जाणं होणार नाही’ इतकं लिहिलं तरी कोकणातल्या माणसाला पुरतं. बाकीचं दुसऱ्या सहकाऱ्याकडून तोंडी कळतं.

‘आमंत्रणाबद्दल धन्यवाद’ चुकीचं नाही, कोरडं आहे. लग्नाला बोलावणं हे आपल्याकडे उपकारात बसत नाही, आपलेपणात बसतं, म्हणून आभार न मानता आनंद सांगतात : ‘पत्रिका मिळाली, खूप छान वाटलं.’ (आमंत्रण की निमंत्रण, असा उपप्रश्न हमखास निघतो. संस्कृत व्याकरणकारांनी निमंत्रण म्हणजे जायलाच हवं असं आणि आमंत्रण म्हणजे इच्छेवर सोडलेलं, असा भेद केला आहे. आजच्या मराठीत तो कुणी पाळत नाही, तुम्हीही त्यावर जीव आटवू नका.) ‘आयुष्यभराच्या आनंदासाठी शुभेच्छा’ हा मात्र उघड अनुवाद आहे. ‘संसार सुखाचा होवो’ किंवा ‘दोघांना मनापासून शुभेच्छा’ पुरे. ‘नांदा सौख्य भरे’ हा वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद आहे. बरोबरीच्या सहकाऱ्याला तो दिलात तर उगाच आजीबाई व्हाल.

‘आपण’चाही प्रश्न आहे. रोज ‘अरे’ म्हणणाऱ्या माणसाला एकदम ‘आपल्या विवाहाच्या’ लिहिलंत, तर आदर न वाटता ‘हिचं काही बिनसलंय का’ असं वाटेल. त्याला ‘तू’ आणि जोडीला ‘तुम्हा दोघांना’ असं ठेवा. इंग्रजीत एकाच ‘यू’मध्ये दोन्ही येतं, म्हणून अनुवादात ते मिसळतं.

इंग्रजी मजकुरात जे नाहीच आणि मराठीत हवं, अशा दोन गोष्टी आहेत. पत्रिकेत बोलावणारे आई-वडील असतात, म्हणून त्यांना नमस्कार हवा. आणि न येण्याची भरपाई हवी. त्यासाठी कोकणात तयार जागा आहेत : लग्नाआधी केळवण, लग्नानंतर सत्यनारायणाची पूजा. पूजा बहुधा दुसऱ्या दिवशीच असते. चिपळूणच्या लग्नातून उठून तुम्ही दुसऱ्या दिवशी कुडाळ गाठणार नसाल, तर ‘पूजेला येते’ असं उगाच लिहू नका; तो दुसरा नकार होईल. केळवण तुमच्या हातात आहे. नवरदेव अजून रत्नागिरीत आहे तोवर एका संध्याकाळी जेवायला बोलवा. लग्न झाल्यावर ते केळवण राहत नाही, मग ‘जोडीने जेवायला या’ म्हणायचं. आहेराचा उल्लेख टाळा. पत्रिकेच्या तळाशी ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ छापलेलं असतं. येत नाही म्हणून पाकीट पाठवते असं लिहिलंत तर ते हिशेब चुकता केल्यासारखं दिसतं.

हे सगळं धरून :

‘पत्रिका मिळाली रे, खूप छान वाटलं! तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा. त्याच दिवशी चिपळूणला माझ्या मावसबहिणीचं लग्न आहे, त्यामुळे मला कुडाळला यायला जमणार नाही. चुटपुट लागून राहील. पण त्याआधी आमच्याकडे केळवणाला यायचंच, कुठला दिवस जमेल ते सांग. आई-बाबांना माझा नमस्कार.’

क्रम मुद्दाम असा आहे. मोबाइलच्या पडद्यावर आधी पहिली ओळच दिसते, ती आनंदाची असावी. ‘नाही’ मधोमध आहे, आणि शेवट नमस्काराने होतो.

सहकारी वयाने किंवा हुद्द्याने मोठा असता तर ‘मिळाली, खूप आनंद झाला’, ‘तुम्हा उभयतांना’, ‘केळवणाला यावं अशी फार इच्छा आहे’ असे बदल पुरले असते. ‘यायचंच’ हा हक्क बरोबरीच्यांचा. तो मालवणी बोलणारा असेल आणि तुम्हीही घरी मालवणीच बोलत असाल, तर ‘माका लग्नाक येवक जमाचा नाय’ इतकं प्रेमाचं वाक्य प्रमाण मराठीत नाही. पण ती तुमची बोली नसेल तर प्रयोग नको, नक्कल केल्यासारखं होतं.

ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका, त्याला एकट्याला पाठवा. एकाचा नकार दिसला की मागून चार जणांना धीर येतो. त्याने पत्रिका घरी येऊन, अक्षता देऊन बोलावलं असेल, तर मेसेज पुरणार नाही. आधी फोन करा, मजकूर नंतर. हळदीच्या दिवसापर्यंत थांबू नका.

‘असं कसं, यायलाच पाहिजे’ असं उत्तर येईल. तो आग्रह आहे, राग नाही, आणि तो न करणं त्याला शोभलं नसतं. त्यावर पुन्हा कारणं उगाळायची नाहीत आणि ‘बघते’ तर अजिबात म्हणायचं नाही. ‘केळवणाला कधी येतोस ते सांग’ एवढंच लिहा.