सरावाआधीचा फोटो

प्रिय,

पत्र आणि दोन्ही रविवारचे फोटो मिळाले. रोज अर्धा तास लिहूनही अक्षरात फरक दिसत नाही, असं तू म्हणतोयस खरं, पण या दोन फोटोंत तो दिसणारच नाही. पहिला वेगळ्या पेनाने, वेगळ्या मजकुराचा. दुसरा दिव्याखाली, मोबाइल तिरका धरून काढलेला. त्यात वहीच्या समासाची रेघच कललेली आहे, मग अक्षर कललं की फोटो, हे कसं ठरवायचं?

म्हणून आता दर रविवारी एकच ओळ लिही: ‘वारा आला, पाला हलला, सारा रस्ता झाकला.’ वाक्य सुमार आहे, पण त्यात काने आणि दंड भरपूर आहेत आणि कल तिथेच पकडला जातो. पेन तेच, वही तीच. ओळ सरावाच्या आधी लिहायची. अर्ध्या तासानंतर हात सरावलेला असतो, तेव्हाचं अक्षर जरा उसनं असतं. पाच वेळा लिहून त्यातली बरी ओळ निवडायची नाही. वही टेबलावर सपाट ठेव, उजेड खिडकीचा घे आणि मोबाइल बरोबर वर, कागदाला समांतर धर. अगदी जवळून काढलास तर कडेची अक्षरं ताणली जातात, त्यामुळे थोडं वरून काढून नंतर काप. समासाची रेघ फोटोच्या कडेला समांतर आली की फोटो चालेल.

आता तुलना. ‘सुंदर दिसतंय का’ हे विचारूच नकोस. त्याचं उत्तर मूडप्रमाणे बदलतं. फोटोऐवजी मूळ कागद घे आणि प्रत्येक कान्यावरून पट्टीने पेन्सिलची रेघ वर वाढव. तुझ्या पत्राच्या पहिल्या ओळीवर मी तसं करून पाहिलं. सुरुवातीचे काने उभे आहेत, मधले किंचित उजवीकडे झुकलेत आणि ओळीच्या शेवटापर्यंत चांगलेच पडलेत. रेघा पंख्यासारख्या उलगडतात. सगळे काने सारखेच कललेले असते तर मी काही बोललो नसतो, ती ज्याची त्याची ढब. पंखा मात्र सांगतो की कोपर एका जागी रोवलेलं आहे. उजव्या हाताने लिहिताना ओळ पुढे सरकली की हात कोपराभोवती फिरतो आणि त्याच्याबरोबर कानाही.

तेव्हा सध्या वळणदार अक्षरांचे कित्ते बाजूला ठेव. दोन-तीन शब्द झाले की हात उचलून कोपरासकट उजवीकडे सरकव, किंवा डाव्या हाताने कागद डावीकडे ओढ. सुरुवातीला वेग कमी होईल, अक्षर थोडं बिघडेलही. म्हणूनच लगेच मागच्या आठवड्याशी ताडून पाहू नकोस. झोप, थंडी, घाई यांनी एका आठवड्यात एवढा फरक तसाही पडतो. आजची ओळ चार आठवड्यांपूर्वीच्या ओळीशेजारी ठेव आणि फक्त पहिला नि शेवटचा काना बघ.

ते दोन समांतर दिसले की मला दोन्ही फोटो पाठव. मग शिरोरेषेकडे वळू. तुझी ती शब्दाच्या शेवटी खाली घसरते, पण तिला आत्ता हात लावायचा नाही.

कळावे.