माळ्याच्या झाकणातून उतरणारी झळ

भाऊ, टिनाखालच्या माळ्याचं झाकण दोन फूट बाय दोन फूट धरा. कडेची फट नुसती दोन मिलिमीटर असली, तरी आठ फुटांच्या परिघावर ती सात बाय सात सेंटीमीटरच्या भोकाएवढी होते. नागपूरच्या मे महिन्यात एसीची थंड हवा दाराखालून निसटते आणि तिच्या जागी माळ्यावरची तापलेली हवा याच फटीतून खाली येते. म्हणून आधी फट बंद करा, थर्माकोल नंतर. झाकण टेकतं त्या चौकटीवर सलग रबरी पट्टी चिकटवा. हलकं झाकण पट्टी दाबत नाही, त्यामुळे खालून दोन कड्या लावाच.

मग झाकणाच्या वरच्या बाजूला 50 मिलिमीटरचा दाट थर्माकोल बसवा. तो चारही कडांनी सेंटीमीटरभर लहान कापा, नाहीतर झाकण उचलताना अडकेल. लाकडासाठी वापरतात तो रबरी सोल्युशनचा गोंद थर्माकोल विरघळवतो; पाण्यावर आधारित गोंद घ्या.

एसी चालू, पंखा बंद ठेवून कडेने उदबत्ती फिरवा. धूर खाली ढकलला गेला, तिथे पट्टी दबलेली नाही. कूलरवाल्या खोलीत ही परीक्षा फसते, कारण कूलर हवा आत ढकलतो आणि फटीतून ती उलट वर जाते. तिथे फायदा मुख्यतः थर्माकोलचाच.