भाषणातलं पहिलं वाक्य बोलल्यासारखं कसं करायचं?

"बीए पहिल्या वर्षाला आहे, गाव घाटंजी तालुक्यात. सोमवारी वर्गात ओळखीचं भाषण आहे. 'आदरणीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या प्रिय मित्रमैत्रिणींनो, मी आपणांस माझा अल्पपरिचय करून देऊ इच्छितो' असं पहिलं वाक्य लिहिलंय, पण म्हणताना अडखळतो. बोलल्यासारखं कसं करू? हात कुठे ठेवू?"

व्यासपीठ काढून टाक. वर्गात एक टेबल आणि फळा असतो, त्याला कोणी आदरणीय म्हणत नाही.

हेच वाक्य आमच्या भाऊजींनी माझ्या भाचीला लिहून दिलं होतं. भाऊजी म्हणजे गावातल्या प्रत्येक लग्नाचे आणि सव्वीस जानेवारीचे सूत्रसंचालक. पोरगी ओसरीत पाठ करायची आणि दरवेळी 'करून देऊ'पाशीच अडकायची. भाऊजी म्हणाले, पाठांतर कच्चं आहे. पाठांतर पक्कं होतं, श्वास पुरत नव्हता. घाबरल्यावर श्वास तसाही वरच्यावर चालतो. त्यात तिघांना मान देईस्तोवर तो संपतो आणि क्रियापद बसलंय पार शेवटी. तिथवर पोचेपर्यंत आवाज खाली जातो. शिवाय 'वंदनीय' म्हटलं की शाळेतल्या पाठांतराचा सूर लागतो, तो पुढं सुटत नाही.

मी वही मिटायला लावली. म्हटलं, एसटीत नवीन पोरगी शेजारी बसली अन् विचारलं तू कोण, तर काय सांगशील? ती म्हणाली, "मी पांढरकवड्याकडची. बाबाची पऱ्हाटी आहे. घर सोडून पहिल्यांदाच रायली." हेच कागदावर उतरवलं, आधी नमस्कार आणि नाव जोडलं. 'रायली'चं 'राहते आहे' तिनं स्वतःच केलं, मी सांगितलं नव्हतं.

तुझं असं होईल: "नमस्कार. मी (तुझं नाव). घाटंजीकडून रोज एसटीनं येतो." नमस्कारानंतर थांब, सगळ्यांकडे बघ, मग नाव. नावानंतर पुन्हा श्वास घे. 'माझे', 'करण्याचे' असं लिहिलं असेल तर 'माझं', 'करायचं' कर, कारण तोंडात तेच येतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐक. वाक्याचा शेवट ऐकूच येत नसेल तर वाक्य लांब आहे, दोन कर.

भाऊजी तेव्हा चिडले, "हे काय भाषण हाय? सभेची काही रीत असते का नाही!" रीत नमस्कारात झाली की. चार ओळींच्या ओळखीला तीन ओळींचा मान कशाला?

हां, गॅदरिंग असेल आणि पाहुणे बसले असतील तर 'अध्यक्ष महोदय' म्हणावं लागेल. ते वेगळं वाक्य कर, ओळखीला चिकटवू नको. वक्तृत्व स्पर्धेत मात्र परीक्षकांना जुना थाट लागतो, तिथं माझं ऐकू नको. हात टेबलाच्या कडेला टेकव.

भाऊजी अजूनही पोरांना 'अल्पपरिचय' लिहून देतात. त्यांच्या सूत्रसंचालनात लोक हसतात ते मात्र कागद खिशात घालून वऱ्हाडी सुरू केल्यावरच, हे त्यांना एकदा कोणीतरी सांगा, मी सांगून थकलो.