'पेनल्टी' म्हणजे दंड की वजावट?

"माणसांच्या अभिप्रायावरून भाषा-मॉडेल कसे घडवतात, यावर आमच्या विज्ञानमंडळाच्या भित्तिपत्रकासाठी मराठीत लिहिते आहे. नवे मॉडेल मूळ मॉडेलपासून लांब गेले की त्याला 'पेनल्टी' लावतात. तिला दंड म्हणू की शिक्षा? आणि उत्तर चांगले असेल तर दंड कसला?" — एक वाचक, जुळे सोलापूर

माझ्या मते येथे 'वजावट' हा शब्द योग्य आहे, आणि त्याचे कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नातच आहे. माझे वडील यंत्रमागावर चादरी विणत. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर मजुरीच्या खाली दोन वेगळ्या ओळी असत. कापडात डाग पडला किंवा धागे सुटले तर 'दंड', आणि आधी घेतलेल्या उचलीपोटी 'वजावट'. दोन्हींमुळे हातात येणारी रक्कम कमीच होई. परंतु दंडाच्या ओळीत एखादा आकडा दिसला की घरात त्या चादरीविषयी विचारणा होई, तशी वजावटीबद्दल कधी झाली नाही. दंडामागे चूक असते, वजावटीमागे केवळ हिशेब असतो. 'शिक्षा' तर चुकीच्याही पुढे जाऊन अपराधापर्यंत पोचते, म्हणून ती बाजूलाच ठेवू.

आता हा हिशेब कशाचा, ते पाहू. एकाच प्रश्नाला मॉडेलने दिलेली दोन उत्तरे माणसासमोर ठेवतात आणि त्यांतले सरस कोणते एवढेच विचारतात. अशा हजारो निवाड्यांवरून एक दुसरे मॉडेल शिकवले जाते, जे कोणत्याही उत्तराला एक आकडा देते. निवडलेल्या उत्तराचा आकडा नाकारलेल्या उत्तराहून मोठा यावा, हीच त्याची शिकवण. (जोड्यांच्या तुलनेवरून आकडे काढण्याची ही रीत ब्रॅडली आणि टेरी यांनी १९५२ साली मांडली होती.) या 'रिवॉर्ड मॉडेल'ला बरेच जण 'बक्षीस-मॉडेल' म्हणतात, मला 'परीक्षक' अधिक पटतो, कारण बक्षीस एखाद्यालाच मिळते आणि गुण मात्र प्रत्येक उत्तराला मिळतात. त्यानंतर मूळ मॉडेलची एक प्रत घेऊन तिला परीक्षकाकडून अधिकाधिक गुण मिळतील अशा रीतीने घडवत नेतात.

अडचण येते ती परीक्षकाच्या अनुभवाची. त्याने पाहिलेली उत्तरे बहुतांशी मूळ मॉडेलच्या वळणाची असतात. त्या वळणाच्या आसपास त्याचे गुण विश्वासार्ह असतात. तेथून लांबच्या, कधीच न पाहिलेल्या उत्तरांना तो जे गुण देतो तो निव्वळ अंदाज असतो, आणि त्या अंदाजांपैकी काही चुकीने फार वरचे निघतात. गुणांच्या मागे लागलेले मॉडेल नेमके तेच वरचे आकडे शोधून काढते. लांबलचक उत्तरे लिहिणे, तीच नम्र वाक्ये पुन्हा पुन्हा वापरणे, ही त्याची नेहमीची लक्षणे. ओपनएआयच्या संशोधकांनी २०२० साली मजकुराचे सारांश करणाऱ्या मॉडेलवर हे मोजून दाखवले: परीक्षकाच्या मते सारांश सुधारत राहिले, पण एका टप्प्यानंतर माणसांची पसंती उतरू लागली. बिघाड ओळखण्याची खूण हीच आहे. गुण चढत असतील आणि प्रत्यक्ष वाचणारा माणूस नकारार्थी मान हलवत असेल, तर गुणांवर भरवसा ठेवू नये.

म्हणून गुण जसेच्या तसे पदरात पडू देत नाहीत. हिशेब असा असतो:

```
R = r − β · log(p / p0)
```

येथे r म्हणजे परीक्षकाचे गुण, p0 म्हणजे ते उत्तर देण्याची मूळ मॉडेलची शक्यता आणि p म्हणजे नव्या मॉडेलची शक्यता. मूळ मॉडेल जे क्वचित म्हणाले असते ते नवे मॉडेल वारंवार म्हणू लागले, की वजा होणारी रक्कम वाढते. β हा त्या वजावटीचा दर.

एक लहान उदाहरण मी हातानेच करून पाहिले. प्रश्न असा: 'सोलापुरी चादर पहिल्यांदा कशी धुवावी?' समजा, उत्तरे तीनच शक्य आहेत. पहिले नेमके आणि उपयोगी: गार पाण्यात, इतर कपड्यांपासून वेगळी धुवा, मूळ मॉडेल ते ५० टक्के वेळा देते आणि परीक्षक २ गुण देतो. दुसरे तुटक, 'पाण्याने धुवा' एवढेच, शक्यता ४९.९ टक्के, गुण १. तिसऱ्यात प्रश्नाचे आभार आणि कौतुक पानभर, पण धुण्याविषयी काहीच नाही. शक्यता केवळ ०.१ टक्का, पण परीक्षक फसून ४ गुण देतो.

वजावट नसेल, तर मॉडेलने सदैव तिसरेच उत्तर द्यावे हे उघड आहे. दर १ ठेवून पाहा. तिसऱ्या उत्तराची शक्यता ०.१ वरून ५० टक्क्यांवर न्यायची, म्हणजे पाचशेपट करायची, तर ५०० चा नैसर्गिक लॉगॅरिदम सुमारे ६.२ इतका वजा होतो आणि ४ गुणांचे उणे २.२ होतात, सौदा परवडत नाही. शिकवणे पूर्णत्वाला गेले असे धरून सूत्र सोडवले, तर दर १ असताना पहिले उत्तर सुमारे ७२ टक्के वेळा येते आणि तिसरे १ टक्का. दर ०.५ केला की पहिले ८० टक्क्यांवर जाते, तिसरे मात्र ९ टक्क्यांच्या जवळ पोचते. दर ०.२५ केला, की तिसरे एकदम ८५ टक्के व्यापते आणि पहिले १४ वर घसरते. मोकळीक देत गेलो तसे चांगले उत्तर आधी वाढले आणि मग कोसळले. सारांशांच्या प्रयोगातला चढ-उतार तो हाच.

आता आपल्या शंकेकडे येऊ. समजा तिसरे उत्तर खरोखरच उत्कृष्ट होते आणि परीक्षकाचे ४ गुण रास्त होते. तरीही वजावट तितकीच, ६.२ झाली असती, कारण सूत्रात उत्तराच्या बरेवाईटपणाला जागाच नाही. तेथे मोजले जाते ते केवळ मूळ वळणापासूनचे अंतर. त्याचप्रमाणे मूळ मॉडेलचीच एखादी वाईट सवय असेल, तर ती तशीच ठेवल्याबद्दल काहीही वजा होत नाही. चांगल्यालाही लागू होते आणि जुन्या वाईटाला सोडून देते, अशा गोष्टीला दंड म्हणणे मला जमत नाही.

एका स्नेह्यांनी 'दावे' सुचवले होते. खुंट्याला बांधलेल्या बैलाचे चित्र मोहक आहे, पण दावे ताणले जाईपर्यंत बैलाला काहीच जाणवत नाही आणि ताणल्यावर तो इंचभरही पुढे जात नाही. येथे तसे नाही. पहिल्या पावलापासून थोडेथोडे वजा होते, आणि गुण पुरेसे मोठे असतील तर कितीही लांब जाता येते. अंतराला पक्की मर्यादा घालणाऱ्या ज्या वेगळ्या पद्धती आहेत, त्यांच्यासाठी 'दावे' राखून ठेवावे.

भित्तिपत्रकात पहिल्या उल्लेखाला 'अंतराची वजावट' असे पूर्ण लिहावे. पुढे नुसते 'वजावट' चालेल. β ला 'वजावटीचा दर' म्हटले की वाक्य सरळ उतरते: 'ओपनएआयने २०२२ मध्ये इन्स्ट्रक्टजीपीटी घडवताना वजावटीचा दर ०.०२ ठेवला होता.'